मांडवी ते दादर: प्लेगवरील गटसादरीकरणाच्या संहितेच्या नोंदी

२ जानेवारी

तृतीय वर्षाच्या इतिहासाच्या गटप्रकल्पासाठी आमच्या गटाला १८९६ सालच्या मुंबईतील प्लेगच्या साथीचा विषय मिळाला आहे. चौघांनी मिळून बारा मिनिटे बोलायचे असून गुणपत्रिकेत ‘मांडणीतील सलगता’ हा स्वतंत्र रकाना आहे. मागच्या वर्षी आमच्या वरच्या वर्गाचे सादरीकरण मी पाहिले होते. त्यात प्रत्येक जण स्वतःचा भाग संपल्यावर शेजारच्याकडे पाहून हसत असे आणि मग ‘आता पुढची माहिती अमुक सांगेल’ असे म्हणून माइक पुढे करत असे. तो रकाना बहुधा याच कारणाने आला असावा.

विषयाची वाटणी आम्ही स्थळांप्रमाणे केली. साथीची सुरुवात आणि रोगाचे निदान मांडवीत, सक्तीची आणि लोकांच्या विरोधाची कहाणी आर्थर रोडच्या रुग्णालयाभोवती, वॉल्डेमार हाफकिन यांची लस भायखळ्याला आणि साथीनंतरची नगररचना दादरला, अशी ती वाटणी आहे. नोंदींत आम्ही एकमेकांचा उल्लेख याच नावांनी करणार आहोत. दादर माझ्याकडे आहे आणि संहिता सांभाळण्याचे कामही माझ्याकडेच आले आहे. एका वक्त्याकडून दुसऱ्याकडे होणाऱ्या हस्तांतराला आम्ही ‘खो’ म्हणायचे ठरवले. हा शब्द मांडवीने सुचवला. ती शाळेत असताना खो-खो खेळत असे.

७ जानेवारी

चौघांनी आपापले भाग स्वतंत्रपणे लिहून आणले आणि एका रिकाम्या वर्गात आम्ही ते सलग वाचले. एकूण वेळ सोळा मिनिटे वीस सेकंद झाली. प्रत्येक भाग वाईट नव्हता, परंतु चौघांनीही आपापल्या भागाची सुरुवात ‘एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई हे एक महत्त्वाचे बंदर होते’ या किंवा याच अर्थाच्या वाक्याने केली होती. म्हणजे श्रोत्यांना आम्ही चार वेळा बंदरावर नेऊन उभे केले. प्रत्येकाने आपला भाग स्वतंत्र निबंध समजून लिहिला होता आणि निबंधाला प्रस्तावना लागते, म्हणून ती आली. चारपैकी तीन प्रस्तावना मी तिथेच कापल्या आणि दीड मिनिट वाचले.

मार्गदर्शक मॅडम थोडा वेळ येऊन बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या की, पुढचा वक्ता कशाबद्दल बोलणार आहे हे आधीच्या वक्त्याच्या शेवटच्या वाक्यावरून ओळखता यायला हवे आणि त्यासाठी त्याचे नाव घेण्याची गरज पडू नये.

९ जानेवारी

मॅडमच्या सूचनेवरून मी एक चाचणी ठरवली. प्रत्येक सांध्यावरची ‘आता अमुक सांगेल’ छापाची वाक्ये काढून टाकायची आणि तिथे केवळ इतिहासातील घटना असलेले एकच वाक्य लिहायचे, ज्याचा पहिला अर्धा भाग आधीच्या वक्त्याचा आणि दुसरा पुढच्याचा असेल. मी तीन सांध्यांसाठी अशी तीन वाक्ये लिहिली आणि तिन्हींमध्ये ‘त्यानंतर’ हाच शब्द आला. ‘त्यानंतर’ने दोन गोष्टी एकामागून एक घडल्या एवढेच कळते, एकीमुळे दुसरी घडली का हे कळत नाही. म्हणून तो शब्द आम्ही संहितेत वर्ज्य ठरवला.

मग पहिल्या सांध्यावर बसलो. मांडवीचा भाग असा होता: बंदरालगतच्या धान्याच्या वखारींत उंदीर मरून पडू लागले, वस्तीतल्या लोकांना ताप येऊन जांघेत आणि काखेत गाठी दिसू लागल्या, २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले, आणि घाबरलेल्या लोकांनी शहर सोडून गावाकडे धाव घेतली. आर्थर रोडचा भाग सरकारी सक्तीपासून सुरू होत होता. त्यामुळे मी खो असा लिहिला: ‘लोक शहर सोडून पळू लागल्यामुळे सरकारला कठोर पावले उचलावी लागली.’ वाक्य ऐकायला चांगले होते, ‘त्यानंतर’ नव्हते आणि कारणही आले होते.

आर्थर रोडने ते वाचले आणि आपल्या टिपणवहीतील तारखा माझ्यापुढे ठेवल्या. रुग्णांना घरातून सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा पालिकेच्या आयुक्तांचा हुकूम ऑक्टोबर १८९६ च्या पहिल्या आठवड्यातला आहे. लोकांचे मोठे लोंढे शहराबाहेर पडले ते त्याच्या पुढच्या महिन्यांत, हिवाळाभर. म्हणजे माझ्या वाक्यात कार्यकारणाची दिशाच उलटी झाली होती. लोक पळाले म्हणून सक्ती आली नाही. लोक रोगाला भ्यालेच होते, त्यात या हुकुमाने रुग्णालयाची भीती मिळवली. सोवळ्याओवळ्याच्या, पडद्याच्या आणि जातीपातीच्या त्या काळात आजारी माणसाला घरातल्या माणसांपासून तोडून अनोळखी खाटेवर नेऊन टाकणे म्हणजे काय, हे मांडवीच्या भागात आलेच नव्हते. तिच्या भागात पलायन केवळ प्लेगच्या भीतीने घडत होते.

ही चूक मांडवीच्या निबंधात दिसत नव्हती, कारण तिथे पलायनाला तारीखच नव्हती. आर्थर रोडच्या निबंधातही ती दिसत नव्हती, कारण तिथे पलायन नव्हते. दोघांना एकाच वाक्यात बांधायला गेलो तेव्हा ती उघडी पडली. मी शैली सुधारायला बसलो होतो आणि त्यातून इतिहास दुरुस्त करावा लागला.

पलायन हा संपूर्ण परिच्छेद उचलून आर्थर रोडकडे दिला. मांडवीला ते आवडले नाही, कारण रेल्वे स्थानकांवरील गर्दीचे वर्णन तिने मेहनतीने लिहिले होते. शेवटी ते वर्णन जसेच्या तसे आर्थर रोडने म्हणायचे ठरले. नवा खो असा झाला.

मांडवी: ‘२३ सप्टेंबरला या रोगाला नाव मिळाले. आणि नाव मिळाल्यापासून पंधरवड्याच्या आत त्याच्यासोबत एक हुकूमही आला.’

आर्थर रोड: ‘तो हुकूम होता आजारी माणसाला त्याच्या घरातून उचलून रुग्णालयात नेण्याचा.’

यात ‘हुकूम’ हा शब्द गाण्याच्या भेंड्यांतल्या अक्षरासारखा एकाकडून दुसऱ्याकडे जातो. मात्र केवळ शब्द उचलून भागत नाही, हेही लिहून ठेवतो. माझ्या चुकीच्या वाक्यातही ‘कठोर पावले’ हा शब्द असाच पुढे गेला असता आणि कोणाला काही खटकले नसते.

१३ जानेवारी

दुसरा सांधा. येथे वेगळीच अडचण आहे: काळ मागे जातो.

आर्थर रोडला आपला भाग मार्च १८९८ मधील मदनपुऱ्याच्या दंगलीने संपवायचा होता. तपासणी पथक विणकरांच्या वस्तीतील एका घरात आजारी मुलीला पाहायला गेले आणि त्यावरून दंगल उसळली. त्याच्या भागातला तो सर्वांत जोरकस प्रसंग आहे, त्यामुळे शेवट त्यावर व्हावा हे त्याचे म्हणणे समजण्यासारखे होते. परंतु त्याच्यानंतर उठणारी भायखळा ऑक्टोबर १८९६ पासून सुरुवात करते, कारण हाफकिन त्याच महिन्यात मुंबईत आले. श्रोत्यांना दीड वर्ष मागे खेचायचे आणि तेही त्यांना न सांगता, हे चालणार नव्हते. भायखळेने त्यावर ‘आता आपण थोडे मागे जाऊ या’ असे वाक्य लिहिले होते. ते प्रामाणिक होते, पण असे म्हटले की श्रोत्याला आपण रस्ता चुकलो होतो की काय असे वाटू लागते.

आम्ही दोन गोष्टी केल्या. मदनपुरा माझ्या भागात घेतला, कारण माझा भाग १८९८ पासूनच सुरू होतो. आर्थर रोडचा शेवट मार्च १८९७ वर आणला: ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. तिच्या काळात घरोघरच्या झडत्या सुरू झाल्या. आता मागे जाण्याचे अंतर कमी झाले, पण मागे जावे लागणार हे उरलेच. हाफकिन यांनी स्वतःला लस टोचून घेतली ती १० जानेवारी १८९७ रोजी, म्हणजे समितीच्या दोन महिने आधी.

तोडगा भायखळेने काढला आणि तो मला सगळ्या संहितेत सर्वांत आवडतो. आर्थर रोडने जरा जास्तच ठाम बोलायचे आणि तिने उठून त्यात दुरुस्ती करायची.

आर्थर रोड: ‘मार्च १८९७ पर्यंत शहरात कायदा आला, समिती आली, झडत्या आल्या. या रोगावर औषध मात्र कोणाकडेच नव्हते.’

भायखळा: ‘औषध नव्हते हे खरे. पण त्या मार्चच्या दोन महिने आधी, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, रोग होऊच नये म्हणून टोचायची एक लस तयार झाली होती.’

येथे काळ मागे जातो, पण दुरुस्तीच्या ओघात जातो, त्यामुळे श्रोत्याला ते मागे वळणे वाटत नाही. शिवाय औषध आणि लस यांतील फरक त्याच वाक्यात येतो. भायखळेच्या भागात तो आधी तिसऱ्या परिच्छेदात होता आणि तोपर्यंत ऐकणाऱ्याला हाफकिन यांनी रोग बरा करण्याचा उपाय शोधला असेच वाटत राहायचे.

अशा खोला एक अट आहे. पहिल्याचे वाक्य खोटे असता कामा नये, अपुरे असावे. पहिल्या खर्ड्यात आर्थर रोडचे वाक्य ‘वैद्यकाकडे काहीच उत्तर नव्हते’ असे होते. मार्च १८९७ साठी ते चुकीचे ठरते आणि मग भायखळा आपल्याच सहकाऱ्याला खोटे पाडते आहे असा देखावा होतो.

१७ जानेवारी

आज सांध्यांपेक्षा एक मोठी गोष्ट हाती लागली.

मांडवीने सरावात सहज एक वाक्य जोडले: ‘हे उंदीर मरत होते आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवांमधून रोग माणसांत येत होता.’ वाक्यात चूक काही नाही. परंतु हे वाक्य पहिल्या दोन मिनिटांत आले की उरलेल्या तिघांचे भाग ढासळतात. पिसवांमार्फत रोग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी प्रयोगाने दाखवले ते १८९८ साली कराचीत आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी बरीच वर्षे गेली. १८९६ मध्ये मांडवीच्या रहिवाशांना, डॉ. व्हिएगस यांना, आयुक्तांना किंवा गॅटेकर यांना हे ठाऊक नव्हते. एकदा श्रोत्याला पिसू कळली की आर्थर रोडच्या भागातील सगळी सक्ती, घरे धुणे, सामान जाळणे, माणसे अलग ठेवणे, हे केवळ मूर्खपणाचे वाटू लागते. त्या माणसांनी त्यांच्यापुढच्या माहितीवर काय निर्णय घेतले, हा आमचा विषय आहे. तो तिथेच संपतो.

म्हणून संहितेत प्रत्येक भागाच्या डोक्यावर मी एक ओळ लिहिली: या भागात काय माहीत आहे आणि काय अद्याप माहीत नाही. मांडवीच्या भागात मेलेले उंदीर आहेत, कारण लोकांनी ते पाहिले होते. त्यांचा अर्थ नाही. आर्थर रोडच्या भागात जंतू आहे, कारण येर्सिन यांनी तो १८९४ मध्येच हाँगकाँगला ओळखला होता. तो माणसापर्यंत कसा पोहोचतो हे नाही. भायखळेच्या भागात लस आहे. प्रसाराचा मार्ग अजूनही नाही. पिसू फक्त माझ्या भागात, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात येते.

खो देताना आपण पुढच्याला जागा देतो तशीच माहितीही देतो, हे आधी लक्षात आले नव्हते. मागच्याने ती आधीच वाटून टाकली तर पुढच्याने उठून करायचे काय?

मांडवीने विचारले की, मग मी उंदरांचे सांगूच नको का. सांगायचेच, असे ठरले. पण वाक्य असे: ‘वखारीतले हमाल सांगत की माणसांआधी उंदीर मरतात, का मरतात, ते कोणालाच सांगता येत नव्हते.’ नंतर मी ‘हमाल सांगत’ हेही काढले, कारण नेमके हमाल सांगत असे म्हणायला आमच्याकडे आधार नाही. आता ते ‘माणसांआधी उंदीर मरताना लोकांनी पाहिले’ असे आहे.

२० जानेवारी

तिसरा खो, भायखळेकडून माझ्याकडे. तो सर्वांत अवघड जाईल असे मला वाटत होते आणि तसेच झाले.

आधी भायखळेच्या भागाविषयी, कारण तो आता फार चांगला झाला आहे. हाफकिन यांनी लस कशी केली हे ती इतके जवळून सांगते की आज वर्गातले इतर गटही ऐकत थांबले. मांसाच्या रसाने अर्धा भरलेला काचेचा चंबू, त्यावर तरंगणारे तुपाचे थेंब, आणि त्या थेंबांना धरून खाली लोंबणारी जंतूंची वाढ, गुहेच्या छतावरून खाली उतरलेल्या चुनखडीच्या सुळक्यांसारखी. चंबू हलवला की ती वाढ तुटून तळाशी जाते आणि वर नवी लोंबू लागते. पुढे उष्णता देऊन ते जंतू मारायचे आणि ते मेलेले जंतू म्हणजे लस. तूप म्हटल्यावर वर्गात हसू आले, पण त्यानंतर कोणाचे लक्ष ढळले नाही. मग ती भायखळ्याच्या तुरुंगातील चाचणी सांगते आणि परळच्या जुन्या राजभवनात गेलेली प्रयोगशाळा सांगते, जिला १९२५ पासून हाफकिन संस्था असे नाव आहे.

अडचण येथेच आहे. १९२५ वर संपले की मी १८९८ वर कसा येणार? तिचे शेवटचे वाक्य पुढे गेलेले आहे. मी तिला १९२५ मध्येच सोडून परत यायला सांगितले, आणि तिने ते मान्य केले, पण एका अटीवर: परळ आणि हाफकिन संस्था हे वाक्य भागाच्या मध्यात, लसीचे वर्णन संपते तिथे, पडद्यावर इमारतीचे छायाचित्र असताना येईल.

त्यानंतर मी जो खो लिहिला तो असा होता: ‘लसीने साथ थांबली नाही, म्हणून सरकारने शहरच नव्याने बांधायला घेतले.’ पुन्हा तीच चूक. बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १८९८ मध्ये स्थापन झाला हे खरे, पण तो लस अपुरी पडली म्हणून झाला असे म्हणायला कागद नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी, वेगवेगळ्या कल्पनांतून चालल्या होत्या. मदनपुऱ्यामुळे ट्रस्ट आला असे म्हणण्याचाही मोह मला झाला होता, कारण मार्चमध्ये दंगल आणि त्याच वर्षी ट्रस्ट हे एका रेषेत छान बसते. परंतु ट्रस्टचा विचार दंगलीच्या आधीपासून चालू होता. जिथे कारण नाही तिथे ‘म्हणून’ घालायचा नाही, हे मी ९ जानेवारीलाच शिकलो असतो तर बरे झाले असते.

मग उरते काय? दोन्हींमागच्या समजुतीतला विरोध. लस माणसाला टोचतात. म्हणजे रोग माणसात आहे असे धरून ती चालते. ट्रस्टने रुंद रस्ते काढले आणि दाट वस्त्या पाडल्या. म्हणजे रोग कोंदट, अंधाऱ्या घरांत आहे असे धरून तो चालला.

भायखळा: ‘लस माणसाला टोचता येते. पण सरकारमधल्या अनेकांचा समज होता की, या रोगाचे खरे ठाणे माणसात नसून घरात आहे.’

मी: ‘घरात, म्हणजे मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात ज्या घरांत शिरताना दंगल झाली, तशा घरांत.’

येथे कारण सांगितलेले नाही, जागा तेवढी सारखी आहे, आणि तेवढेच सांगायचा आम्हाला अधिकार आहे. त्यापुढे मी प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामलदास गांधी मार्ग, आणि दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती सांगतो, आणि मग म्हणतो की, ज्या वर्षी मुंबईत हवा आणि उजेड यावा म्हणून ट्रस्ट स्थापन झाला, त्याच वर्षी कराचीत सिमाँ यांनी पिसू पकडली.

२३ जानेवारी

आज फक्त घड्याळ. शब्द बसले होते, तरी एकूण वेळ तेरा मिनिटे पन्नास सेकंद आली. भाग वेगवेगळे मोजले तर बेरीज बारा मिनिटे चाळीस सेकंद होती, म्हणजे सत्तर सेकंद कोठेतरी सांडत होती. भायखळेने मोबाइलवर चित्रण केले आणि ती सेकंद कुठे गेली ते दिसले: आधीचा बोलणे संपवतो, पुढची खुर्चीवरून उठते, चालत येते, माइक घेते, रिमोट शोधते, घसा साफ करते आणि म्हणते, ‘हं, तर’. एका खोला वीसेक सेकंद, आणि उरलेली सुरुवातीला.

आता चौघेही पहिल्यापासून उभे राहणार. पुढचा वक्ता आधीच्याच्या शेवटून दुसऱ्या वाक्यावर एक पाऊल पुढे येतो. स्लाइड जाणारा बदलतो, येणारा नाही. त्यामुळे नवा वक्ता तोंड उघडतो तेव्हा त्याचे चित्र पडद्यावर आलेले असते आणि त्याचे दोन्ही हात मोकळे असतात. माइक एकच मिळणार आहे, तो स्टँडवर ठेवायचा. ‘धन्यवाद’ कोणीही म्हणायचे नाही, फक्त मी, शेवटी.

उलट चूकही एकदा झाली. आर्थर रोड इतका तयारीत होता की मांडवीने ‘पंधरवड्याच्या आत’ म्हणताच त्याने ‘तो हुकूम होता’ सुरू केले, आणि हुकूम आल्याचे ती बोललीच नव्हती. मांडवीने सांगितले की, खो मिळण्याआधी उठले की फाउल धरतात. आता आर्थर रोड मनात एक श्वास मोजतो. प्रत्येक भागातून आणखी दहा-पंधरा सेकंदही कापले. पुढची फेरी: अकरा मिनिटे पंचावन्न सेकंद.

२७ जानेवारी

भायखळा तापाने घरी आहे. परीक्षा ३१ तारखेला असल्यामुळे ती येईल असे वाटते, तरी आज तिच्याशिवाय सराव करून पाहिला. आर्थर रोडने तिच्या भागाचे चार वाक्यांचे टिपण वाचले आणि मग माझा खो दिला. जोड तुटला नाही, आणि याचे एक कारण असे की सांध्यांवर कोणाचेही नाव नव्हते. जुन्या पद्धतीने ‘आता लसीविषयी अमुक सांगेल’ असे असते तर आर्थर रोडला स्वतःचेच नाव घ्यावे लागले असते. नावे आम्ही स्लाइडच्या खालच्या कोपऱ्यात घातली आहेत. परीक्षकांना ती लागतात.

यावरून एक नियम केला. प्रत्येकाने आपल्या भागासोबत पुढच्याची पहिली दोन वाक्ये आणि मागच्याची शेवटची दोन वाक्ये पाठ करायची. मधले सगळे स्वतःच्या शब्दांत बोलले तरी चालेल, या चार वाक्यांत एकही शब्द बदलायचा नाही.

३१ जानेवारी

सादरीकरण झाले. वेळ बारा मिनिटे दहा सेकंद. भायखळा आली, आवाज बसलेला होता, पण तूप सांगताना तो मोकळा झाला.

एक गोष्ट आम्ही गृहीत धरली नव्हती. मांडवीने मेलेले उंदीर सांगताच एका परीक्षकांनी मध्येच विचारले की, उंदीर मरत होते तर लोकांना रोगाचे कारण कळले कसे नाही. मी मागे उभा होतो आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण याचे पूर्ण उत्तर म्हणजे माझा शेवटून दुसरा परिच्छेद. मांडवी एक क्षण थांबली आणि म्हणाली, ‘सर, मेलेले उंदीर लोकांनी पाहिले होते, पण ते रोगाचे कारण आहेत की रोगाचे बळी, हे १८९६ मध्ये सांगता येत नव्हते. याचे उत्तर दोन वर्षांनी कराचीत मिळाले आणि आमच्या शेवटच्या भागात ते येईल.’ मग ती पुढे गेली आणि तिची शेवटची दोन वाक्ये तिने अक्षरशः तशीच म्हटली. पिसू हा शब्द तिने उच्चारला नाही. आर्थर रोडने सरावातल्यापेक्षा किंचित जास्त थांबून सुरुवात केली.

शेवटी पुण्याबद्दल प्रश्न आला: रँड यांचा खून आणि चापेकर. आम्ही तो भाग मुंबईबाहेरचा म्हणून सोडला होता, पण आर्थर रोडकडे राखीव दोन वाक्ये होती, २२ जून १८९७ च्या रात्रीची. प्रश्नोत्तरांतला खो मात्र आम्ही आखला नव्हता. त्या प्रश्नावर आम्ही चौघांनीही एकमेकांकडे पाहिले, आणि चित्रणात ती तीन सेकंद स्पष्ट दिसतात. ज्या भागात प्रश्न पडला त्याच भागाच्या वक्त्याने अर्धे पाऊल पुढे यायचे, असा साधा नियम आधी केला असता तर ते टळले असते.

३ फेब्रुवारी

मॅडमनी लेखी शेरा दिला. सलगतेच्या रकान्यात चांगले गुण आहेत. माझ्या भागाविषयी एक ओळ आहे: ट्रस्टने ज्यांची घरे पाडली ती माणसे कोठे गेली, हे सांगितलेले नाही.

ते खरे आहे. माझा भाग शेवटचा असल्यामुळे मला कोणाला खो द्यायचा नव्हता, आणि त्यामुळे माझ्या शेवटच्या वाक्याची चाचणी कोणी घेतलीच नाही. इतर तिघांची वाक्ये पुढच्या माणसाच्या तारखांवर तपासली गेली; माझे ‘दादर-माटुंग्याच्या रुंद रस्त्यांवर नवे शहर उभे राहिले’ हे वाक्य तसेच सुटले. जी माणसे मध्य मुंबईच्या दाट वस्त्यांतून उठली त्यांना दादरच्या त्या वसाहतींत भाडे परवडण्यासारखे नव्हते, आणि बरीचशी जवळच्याच, आधीच भरलेल्या चाळींत शिरली. विभागात ठेवायच्या प्रतीसाठी मी शेवटचे वाक्य काढून ही दोन वाक्ये घातली आहेत. फाइलमध्ये त्यांच्याखाली पुढच्या वक्त्याची जागा मोकळी सोडली असून पुढच्या वर्षीच्या गटाने हवे तर तिथून सुरुवात करावी, असे मॅडमना सांगितले आहे.